फोन अपडेट झाल्यावर मेल बंद पडल्याचे अनुभव : तुम्ही आधी काय करून पाहिलेत?

कृष्णाकाठ

रविवारी सकाळी कोल्हापूरहून मावशीचा फोन आला. रात्री तिचा अँड्रॉइड फोन आपोआप अपडेट झाला होता आणि तेव्हापासून मेलचे ॲप सारखा पासवर्ड मागत होते. तिने तो सात वेळा टाकला आणि सातही वेळा तो चुकीचा असल्याचे उत्तर मिळाले. "मी आता ते खाते काढून परत घालू का?" असे तिने विचारताच माझ्या पोटात गोळा आला, कारण 2016 साली मी नेमके तेच केले होते.

तेव्हा माझे कामाचे खाते पॉप पद्धतीने जोडलेले होते, आणि मेल फोनवर उतरला की सर्व्हरवरची प्रत पुसली जाईल अशी व्यवस्था होती. ही व्यवस्था मी स्वतःच निवडली होती आणि विसरूनही गेलो होतो. अपडेटनंतर मेल येईना म्हणून मी खाते काढले, पुन्हा जोडले, आणि खाते उत्तम चालू लागले. फक्त त्यात एकही जुने पत्र नव्हते. तीन वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका फोनवरच होता.

म्हणून मावशीला मी आधी काहीही काढू दिले नाही. तिला फोनमधल्याच ब्राउझरमध्ये मेलचे संकेतस्थळ उघडायला सांगितले, तर तिथे तोच पासवर्ड बिनतक्रार चालला, नवी पत्रेही दिसली. म्हणजे पासवर्ड बरोबर, खाते शाबूत, इंटरनेटही चालू, आणि बिघाड फक्त ॲप व सर्व्हर यांच्यामध्ये कुठेतरी. फोन बंद करून चालू केला, प्ले स्टोअरमधून मेलचे ॲप अद्ययावत केले, तारीख-वेळ आपोआप घेण्यावर आहे ना ते पाहिले. ॲपचे उत्तर मात्र तेच राहिले.

पुढे काय झाले ते सांगतोच, पण त्याआधी तुमचे अनुभव लिहा. कोणत्या क्रमाने काय केलेत, हे लिहिलेत तर अधिक उपयोगी पडेल.

शेवंती_७२

आमच्याकडे हे दर अपडेटला होते आणि मुलगा येईपर्यंत मी फोनला हात लावत नाही. माझा क्रम एवढाच आहे.

रानपाखरू

मला वाटते की इतका विचार करण्याची गरज नाही. सरळ सेटिंग्जमध्ये जाऊन मेल ॲपचा डेटा पुसावा. मी दोनदा तसे केले आहे आणि दोन्ही वेळा मेल लगेच सुरू झाला.

दिवाभीत

रानपाखरू, तुमचा उपाय अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा धोक्याचा आहे. मी काही वर्षे एका संस्थेचे मेल सर्व्हर सांभाळले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ॲपच्या माहितीत स्टोरेजखाली दोन वेगळी बटणे असतात. "Clear cache" दाबल्याने केवळ तात्पुरत्या फायली जातात आणि अपडेटनंतर अडखळणारे ॲप कधीकधी तेवढ्यानेही सुधारते, त्यामुळे ते बटण निर्धास्त दाबावे. "Clear data" किंवा "Clear storage" दाबल्यावर मात्र ॲप नव्याने बसवल्यासारखे होते. त्यात जोडलेली खाती, न पाठवता राहिलेली पत्रे आणि फोनवरच असलेले मसुदे जातात. तुमचे खाते आयमॅपचे असणार, त्यात मूळ पत्रे सर्व्हरवर राहतात, म्हणून तुम्हाला तोटा जाणवला नाही. कृष्णाकाठ यांच्यासारखे पॉपचे खाते असते तर जाणवला असता.

माझा क्रम असा की जे उलटवता येते ते आधी करावे आणि जे उलटवता येत नाही ते शेवटी. ब्राउझरमध्ये खाते उघडून पाहणे सर्वांत आधी, कारण त्यात काहीच बिघडत नाही आणि अर्धे कोडे तिथेच सुटते. तिथेही पासवर्ड चालला नाही, किंवा खात्याची जागा भरल्याची सूचना दिसली, तर अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे सगळे ठीक असेल तर फोन बंद-चालू करणे, ॲप अद्ययावत करणे, घड्याळ आणि समक्रमणाची बटणे पाहणे, कॅशे पुसणे, मग पासवर्ड एकदाच आणि नीट टाकणे. खाते काढणे त्यानंतर, आणि तेही ते पॉप आहे की आयमॅप हे पाहूनच.

घड्याळाचे काहींना नवल वाटेल. सर्व्हर आपले जे प्रमाणपत्र दाखवतो त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. फोनची तारीख चुकली की चांगले प्रमाणपत्रही त्याला मुदतबाह्य वाटते आणि तो जोडणीच नाकारतो.

वाटसरू_दोहा

माझ्या फोनवर बँकेचा ओटीपी येत नाही, तो याच अपडेटमुळे असेल का?

शेवंती_७२

वाटसरू, ओटीपी एसएमएसने येतो, त्याचा मेलशी संबंध नाही. एवढे मलाही समजते!

वाटसरू_दोहा

ताई, आमच्या बँकेचा मेलवरच येतो, म्हणून तर विचारले. वाय-फायवर मेल येतो, मोबाइल डेटावर आला की थांबतो. अपडेटच्या आधी असे नव्हते.

दिवाभीत

मग प्रश्न धाग्यातलाच आहे. अपडेटनंतर मेल ॲपची पार्श्वभूमीतील डेटा वापरण्याची परवानगी बंद झाली आहे का, आणि डेटा सेव्हर चालू आहे का, ते आधी पाहा. दोन्ही ठीक असतील तर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट वापरून पाहा. तिथे मेल आला तर तुमच्या सिमच्या नेटवर्ककडे संशय जातो. तिथेही नाही आला तर फोनमध्ये व्हीपीएन किंवा खासगी डीएनएस चालू राहिले आहे का ते तपासा.

सायसाखर

माझ्या आयफोनचे दुखणे वेगळे होते. साइन-इन व्यवस्थित, चुकीचा संदेश एकही नाही, पण मेल दुपारचे रात्री दिसत. मी आठवडाभर ऑफिसला "तुमचे मेल उशिरा निघतात" असे सुनावत होते आणि नंतर मलाच ओशाळे व्हायला झाले. मेलच्या सेटिंग्जमध्ये "Fetch New Data" नावाचे पान आहे, तिथे "Automatically" निवडलेले होते. मला वाटले, आपोआप म्हणजे सतत. प्रत्यक्षात त्या पर्यायात फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच पार्श्वभूमीत मेल आणतो. मी रात्रीच चार्जिंगला लावते, म्हणून रात्रीच मेल येत! आता दर 15 मिनिटांचा पर्याय ठेवला आहे.

बटणे शोधण्यातच माझा अर्धा तास गेला, कारण आयओएस 18 पासून मेलची सेटिंग्ज "Apps" या नव्या पानाच्या आत गेली आहेत. जुन्या चित्रफिती पाहून शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रानपाखरू

म्हणजे दोष अपडेटचा नव्हताच, सेटिंगचा होता.

सायसाखर

अपडेटने ते बदलले की आधीपासून तसेच होते, हे मी आता सांगू शकत नाही. लो पॉवर मोडमध्येही मेल आणणे थांबते, तोही तेव्हा चालू असायचा. दोहोंपैकी खरा चोर कोणता, ते कळले नाही.

पिंपळपान

आमच्या छोट्या छापखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर होता आणि त्याचे प्रमाणपत्र आम्हीच घरच्या घरी, पाच वर्षांच्या मुदतीचे बनवले होते. 2019 च्या शरदात ज्यांनी आयफोनवर आयओएस 13 घेतले त्यांचेच मेल बंद पडले, बाकीच्यांचे चालू राहिले, म्हणून आम्ही फोनलाच दोष देत होतो. "Cannot Verify Server Identity" असा संदेश येई. खाते काढणे-घालणे, नेटवर्क रीसेट करणे, सगळे करून झाले. नेटवर्क रीसेटमुळे तर घरादाराचे वाय-फाय पासवर्ड पुसले गेले, ते वेगळेच.

दिवाभीत

पिंपळपान, तुमचे प्रकरण मला चांगले समजते. आयओएस 13 पासून सर्व्हरच्या प्रमाणपत्राचे नियम कडक झाले. आरएसए किल्ली किमान 2048 बिटांची हवी, आणि 1 जुलै 2019 नंतर दिलेल्या प्रमाणपत्राची मुदत 825 दिवसांपेक्षा अधिक नको, असे त्यांत होते. तुमचे प्रमाणपत्र त्या तारखेनंतर बनवलेले असेल तर पाच वर्षांची मुदतच नडली असणार. आधीचे असेल तर किल्लीचा आकार किंवा जुनी स्वाक्षरीपद्धत तपासायला हवी होती. अशा वेळी वापरणाऱ्याने फोनवर काहीही केले तरी उपयोग नसतो, बदल सर्व्हरवरच करावा लागतो. ओळखण्याची खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे: एकाच सर्व्हरवरचे, एकाच आवृत्तीचे सगळे फोन एकदम बंद पडतात.

याच्या उलट, दोष सिस्टीमचाच असल्याचेही उदाहरण आहे. 19 सप्टेंबर 2017 रोजी आयओएस 11 आले, तेव्हा आउटलुक डॉट कॉम, ऑफिस 365 आणि काही एक्स्चेंज खात्यांतून ॲपलच्या मेल ॲपद्वारे पत्रे जाईनाशी झाली. आठवड्याने, 26 सप्टेंबरला, 11.0.1 आल्यावर ते सुधारले. त्या सात दिवसांत खाते काढून-घालून काही मिळण्यासारखे नव्हते. मायक्रोसॉफ्टचे ॲप किंवा ब्राउझर वापरून दिवस काढणे एवढेच शहाणपणाचे होते.

पिंपळपान

आमचे प्रमाणपत्र ऑगस्टमधले होते. म्हणजे ते पाच वर्षेच बाधली. आता आम्ही भाड्याचा सर्व्हर घेतला आहे, त्यामुळे ही चिंता दुसऱ्या कोणाची तरी आहे.

शेवंती_७२

कृष्णाकाठ, मावशींचे काय झाले ते सांगायचे राहिले आहे. दुधाला उतू जाऊ देऊन मी इथे बसले आहे.

कृष्णाकाठ

क्षमस्व, दुकानात गर्दी होती.

मावशीच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली आहे. अशा खात्यांत काही सेवा जुन्या पद्धतीच्या ॲपसाठी नेहमीचा पासवर्ड स्वीकारत नाहीत; त्या त्या ॲपसाठी वेगळा, 16 अक्षरांचा पासवर्ड तयार करून द्यावा लागतो. 2020 च्या टाळेबंदीत तो मीच तयार करून तिच्या फोनमध्ये टाकला होता, आणि तिला सांगितले नव्हते. अपडेटमध्ये फोनने साठवलेला पासवर्ड गमावला आणि तिला विचारला. तिने तिला ठाऊक असलेला खरा पासवर्ड टाकला, तो ब्राउझरला मान्य आणि ॲपला अमान्य. बिचारी सात वेळा खरेच बोलत होती.

नवा ॲप पासवर्ड करण्याऐवजी आम्ही आता दुसरी वाट घेतली. खाते आयमॅपचे असल्याची खात्री केली, पाठवायची राहिलेली दोन पत्रे तिने कागदावर उतरवून घेतली, त्या खात्यात साठलेले दूरध्वनी क्रमांक ब्राउझरमध्ये दिसतात ना ते पाहिले, आणि मगच खाते काढले. पुन्हा जोडताना सर्व्हरचे नाव-पासवर्ड भरण्याचा पर्याय न घेता सेवेचे स्वतःचे साइन-इन पान उघडणारा पर्याय घेतला. तिथे नेहमीचा पासवर्ड आणि फोनवर आलेली संमती एवढ्यावर काम झाले. सगळी पत्रे उतरायला चाळीसेक मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात तिने मला तीनदा विचारले की जुनी पत्रे नक्की येणार ना.

दिवाभीत

उत्तम केलेत. एक पुस्ती जोडतो: गुगलच्या खात्यात मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात. अपडेटनंतर घाबरून आधी पासवर्डच बदलणारे लोक अशाने घरातले चालू असलेले दुसरे उपकरणही बंद पाडतात.

रानपाखरू

हे मी केले आहे. टॅबलेट का बंद पडला ते आज कळले.

वाटसरू_दोहा

दिवाभीतदादा, डेटा सेव्हर बंद होता, परवानगी चालू आहे, व्हीपीएन नाही. सहकाऱ्याच्या हॉटस्पॉटवर मेल येतो, पण त्याचे सिम दुसऱ्या कंपनीचे आहे. माझ्या सिमवर अजूनही नाही. उद्या माझे सिम त्याच्या फोनमध्ये घालून पाहतो आणि लिहितो.