पाणी वर्तुळात फिरतंय, तरी ‘वलन शून्य’? कर्ल आणि डायव्हर्जन्ससाठी शब्द हवेत

तळटीप
अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या नोट्स मराठीत आणते आहे. एका वाक्यावर गाडी अडली आहे. क्षेत्र असं दिलंय:

u = −y/(x²+y²), v = x/(x²+y²)

u म्हणजे x-दिशेचा वेग, v म्हणजे y-दिशेचा. आकृतीत आरंभबिंदूभोवती नुसती वर्तुळं आहेत. खाली वाक्य येतं की आरंभबिंदू सोडला तर या क्षेत्राचा कर्ल सगळीकडे शून्य आहे. मी कर्लला ‘वलन’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला, ‘आकृतीत पाणी गोल वळतंय आणि मजकुरात वलन शून्य? दुरुस्त करा.’ गणित बरोबर आहे, वाचणारा अडखळतोय तो शब्दापाशी. दुसरा कोणता शब्द आहे का? आणि डायव्हर्जन्सला ‘अपसरण’ चालेल ना?

देशीवाणी
कर्लला ‘कुंतल’ म्हणावं. कुंतल म्हणजे केस, आणि इंग्रजी शब्दही कुरळ्या बटेवरूनच आला. आपला दक्षिणेकडचा कुंतल देश याच शब्दाचा, तिथल्या नद्यांच्या वळणांवरून नाव पडलं असणार. डायव्हर्जन्सला अपसरण, त्याच्या उलट अभिसरण. घडवलेले शब्द हाताशी असताना ‘कर्ल, कर्ल’ करत बसायची काय गरज?

रेघोट्या
कुंतल देशाच्या व्युत्पत्तीला पुरावा हवा, नाहीतर ती आपली आवड झाली. शब्द कुठलाही घ्या, शिकवताना मी सोपं सांगतो. रेषा गोल फिरताना दिसल्या की कर्ल आहे, रेषा फाकताना दिसल्या की डायव्हर्जन्स आहे. पोरांना तेवढं पुरतं.

काठावरचा मास्तर
रेघोट्या, तेवढं पुरत नाही, आणि तळटीपताईंची अडचण नेमकी तिथेच आहे. रेषांच्या आकारावरून कर्ल ओळखता येत नाही. सरळ रेषांत वाहणाऱ्या पाण्याला कर्ल असू शकतो आणि गोल फिरणाऱ्याला नसू शकतो. ताईंचं क्षेत्र दुसऱ्या प्रकारातलं आहे. तपासणाऱ्या बाई चित्र बघताहेत, सूत्र मात्र एका बिंदूच्या अगदी लगत काय चाललंय तेवढंच विचारतं.

पाटकरी
माझा जन्म कालव्यांवर गेला, म्हणून लिहितो. तुम्ही ज्याला कर्ल म्हणता त्याला आमच्याकडे भोवरा म्हणतात. दाराच्या खालच्या अंगाला पडतो, फार वाईट. आणखी एक पाहिलंय. पाणी सरळ वाहत असलं तरी काठालगत टाकलेली फांदी सरळ जात नाही, गरगरत जाते. मधल्या धारेत टाकली तर तशीच्या तशी निघून जाते. भोवरा नसताना ती का फिरते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

काठावरचा मास्तर
पाटकरीकाका, तुमच्या फांदीतच सगळा विषय आहे. आकडे घालून बघू.

तुम्ही काठावर प्रवाहाकडे तोंड करून उभे आहात, पाणी डावीकडून उजवीकडे चाललंय. काठालगत वेग जवळजवळ शून्य, आत जाल तसा वाढतो. काठाजवळच्या पट्ट्यापुरतं धरू की u = 0.2y, म्हणजे काठापासून 5 मीटरवर सेकंदाला 1 मीटर. आडवा वेग नाही, v = 0.

आता दोन काटक्या अधिकचिन्हासारख्या बांधून पाण्यावर सोडा, पण मनात क्षणभर त्या सुट्या आहेत असं समजा. जी काटकी प्रवाहाच्या दिशेने आहे तिच्या दोन्ही टोकांशी वेग सारखाच. तिच्या वळण्याचा दर ∂v/∂x, तो इथे शून्य. जी काटकी प्रवाहाला आडवी आहे तिचं पलीकडचं टोक जास्त वेगाने ओढलं जातं, अलीकडचं मागे राहतं. तिचा दर −∂u/∂y, म्हणजे −0.2. ऋण चिन्हाचा अर्थ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. कर्ल म्हणजे या दोन दरांची बेरीज:

∂v/∂x − ∂u/∂y = 0 − 0.2 = −0.2 दर सेकंदाला

बांधलेली जोडी या दोन दरांच्या सरासरीने फिरते, म्हणजे सेकंदाला 0.1 रेडियनने. एका पूर्ण फेरीला साधारण 63 सेकंद. रेषा सगळ्या सरळ आहेत, तरी कर्ल आहे. मधल्या धारेत वेग सर्वांत जास्त असतो, पण तिथे तो या बाजूला वा त्या बाजूला फारसा बदलत नाही, म्हणून ∂u/∂y शून्याच्या आसपास. तुमची फांदी तिथे फिरत नाही ती यामुळे. कर्लला वेगाच्या मोठेपणाशी देणंघेणं नाही, वेग आडव्या दिशेत कसा बदलतो त्याच्याशी आहे.

पाटकरी
म्हणजे भोवरा न दिसताही पाण्यात भोवरेपण असतं. पटलं. मग कालव्याच्या काठाची माती सुटते ती यानेच का?

काठावरचा मास्तर
काठाशी वेग किती झपाट्याने वाढतो यावर पाण्याची ओढ ठरते, त्यामुळे नातं आहे. पण माती किती धरते, पाणी मुरतं किती, हे वेगळे धागे आहेत. त्यावर तुम्हीच लिहा, मी वाचेन.

रेघोट्या
नदीचं मान्य. पण ताईंच्या क्षेत्रात पाणी खरोखर गोल फिरतंय. बेसिनमध्ये पाणी भरलं, बूच काढलं, आंब्याचं वाळकं पान सोडलं. पान गोल गेलं आणि जाताना स्वतः वळतही होतं. मग शून्य कसं?

काठावरचा मास्तर
प्रयोग केलात हे उत्तम, पण पान लांबट होतं. एकच काटकी सोडल्यासारखं झालं.

(1, 0) हा बिंदू घ्या. ताईंच्या सूत्रावरून आंशिक विकलज काढले तर तिथे ∂v/∂x = −1 आणि ∂u/∂y = −1 येतात. केंद्राकडे तोंड केलेल्या काटकीचा दर −1, कारण केंद्राजवळचं पाणी जास्त वेगवान आहे आणि तिचं आतलं टोक पुढे पळतं. वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या काटकीचा दर −∂u/∂y म्हणजे +1, ती प्रवाहाबरोबर वळत जाते. एक घड्याळासारखी, दुसरी उलट. बेरीज शून्य. एकमेकींना घट्ट बांधल्यात तर जोडी केंद्राभोवती फेरी मारते, पण तिची टोकं ज्या दिशांना होती त्याच दिशांना राहतात. लांबट पान स्पर्शरेषेच्या दिशेत सरकतं आणि तसंच वळत राहतं. तुम्ही +1 तेवढा पाहिलात, −1 बघायला दुसरी काटकी नव्हती.

बेसिनमध्ये हे अगदी मध्यावर लागू होणार नाही. भोकाच्या तोंडाशी पाणी घन चकतीसारखं एकत्र फिरतं. तिथे u = −ωy, v = ωx असं धरा, कर्ल 2ω. काटक्यांची जोडी मध्यावर आली की स्वतःभोवती फिरू लागेल. बाहेर फिरत नाही, आत फिरते, हीच खूण.

मधुमालती
मी दहावीपर्यंतचं विज्ञान शिकवते. तुम्ही म्हणताय तो फरक आमच्या मुलांना भूगोलातून आधीच माहीत असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. ताईंच्या क्षेत्रात परिभ्रमण आहे, परिवलन नाही. मग ‘वलन’ऐवजी ‘परिवलन’ लिहिलं की बाईंचा शेरा आपोआप गळून पडतो.

तळटीप
मधुमालतीताई, हे फार आवडलं. ‘पाण्याचं परिभ्रमण होतं, पण कणांचं परिवलन शून्य आहे.’ वाचताना अडत नाही.

देशीवाणी
परिवलनाला माझा विरोध आहे. त्यात प्रत्यक्ष फिरणं आलं. कुंतल हा शब्द त्यापासून मोकळा आहे.

काठावरचा मास्तर
देशीवाणींचा हा मुद्दा वजनदार आहे, आणि तो मॅक्सवेललाही पडला होता. 1870 मध्ये त्याने ‘कर्ल’ हे नाव सुचवलं तेव्हा ‘रोटेशन’, ‘व्हर्ल’, ‘ट्वर्ल’ हे शब्द त्याने बाजूला ठेवले, कारण त्यांत गती सूचित होते. ‘ट्विस्ट’, म्हणजे आपला पीळ, नाकारला तो मळसूत्राचा भास होतो म्हणून. त्याला हे चुंबकीय क्षेत्रासाठीही हवं होतं, तिथे वाहणारं काही नाही. पण युरोपात बऱ्याच ठिकाणी अजून rot लिहितात आणि त्यांचं अडलेलं नाही.

डायव्हर्जन्सची गंमत अशी की मॅक्सवेल उलट्या चिन्हाने ‘कन्व्हर्जन्स’ मोजत असे. ‘डायव्हर्जन्स’ हे नाव नंतर क्लिफर्डने दिलं.

मधुमालती
आणि ‘अभिसरण’ नको हो! आमच्याकडे उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण असतं. शिवाय रक्ताभिसरण. मुलं म्हणतील रक्त एका जागी गोळा होतं.

देशीवाणी
अभिसारी भिंग आणि अपसारी भिंग तुम्हीच शिकवता ना? किरण एकत्र येतात ते अभिसारी, फाकतात ते अपसारी. अपसरण त्याच घरातला शब्द.

काठावरचा मास्तर
भिंगाचं उदाहरण ‘अपसरणा’च्या विरोधात जातं. ताईंचं क्षेत्र प्रत्येक बिंदूशी काटकोनात वळवा:

u = x/(x²+y²), v = y/(x²+y²)

आता रेषा आरंभबिंदूपासून चहूकडे फाकतात. त्याच (1, 0) वर ∂u/∂x = −1, कारण बाहेर जाताना वेग मंदावतो. ∂v/∂y = +1, कारण प्रवाह दोन्ही बाजूंना पसरतो. बेरीज शून्य. जेवढं पसरलं तेवढंच मंदावलं, मध्ये नवीन पाणी कुठेही आलं नाही. जे आलं ते आरंभबिंदूतून. याउलट u = x, v = y घेतलं तर 1 + 1 = 2, इथे पाणी जमिनीतून सगळीकडे पाझरून वर आल्यासारखं आहे. रेषांचं चित्र दोन्हींत एकच. फाकणं डोळ्यांना दिसतं, डायव्हर्जन्स मोजतो ते त्या जागी होणारी भर. म्हणून मी ‘उगम’ सुचवेन, ऋण आलं तर ‘लय’.

पाटकरी
उगम बरोबर. झिरपा असलेल्या कालव्याच्या पट्ट्यात दोन ठिकाणी पाणी मोजलं की खालच्या जागी कमी भरतं. ते ऋण झालं.

देशीवाणी
‘शून्य उगम’ ठीक, पण ‘क्षेत्राचा उगम −3’ हे मराठी कानाला कसं लागतं? अपसरण ऋण होऊ शकतं, उगम होत नाही.

रेघोट्या
या एका मुद्द्यावर मी देशीवाणींच्या बाजूने. आणि मास्तर, तारेतून वीज जाते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय रेषा वर्तुळाकार असतात, बाहेर क्षेत्र 1/r ने कमी होतं. म्हणजे ताईंचंच क्षेत्र. मग तारेच्या आत?

काठावरचा मास्तर
जाड तार आणि वीज सगळ्या छेदात सारखी पसरलेली असेल तर आत क्षेत्र r च्या प्रमाणात वाढतं, घन चकतीसारखं. कर्ल आत सगळीकडे सारखा, पृष्ठभागावर एकदम शून्य. विद्युतधारेची घनता जिथे आहे तिथेच कर्ल, बाहेर नुसती वर्तुळं.

तळटीप
मग तिथे ‘परिवलन’ कसं लिहू? पुढचं प्रकरण चुंबकत्वाचंच आहे आणि तिथे फिरणारा कण नाही.

मधुमालती
दोन प्रकरणांत दोन शब्द तरी नका करू.

देशीवाणी
कुंतल.