कांदाभावाच्या एसएमएसला पहिलं उत्तर काय द्यावं?

होटगीची सून: सोलापूर बाजार समितीतला कांद्याचा भाव आमचा शेतकरी गट एसएमएसवर कळवतो. बटणाच्या फोनवरून लोक नुसतं hi किंवा ram पाठवतात. त्यांना स्वागताचं काय उत्तर पाठवावं? सध्याचं हे आहे:

```
नमस्कार! कांदा बाजारभाव सेवेत आपले हार्दिक स्वागत आहे. आम्ही आपली काय मदत करू शकतो?
```

बार्शीकर: देवनागरीत एका एसएमएसला 70 जागा मिळतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणारी खूणसुद्धा प्रत्येकी एक जागा खाते. नुसत्या "नमस्कार"लाच सात लागतात. तुमचा मजकूर भरतो 83, म्हणजे एका hi ला दोन एसएमएसचे पैसे. शिवाय "काय मदत करू" विचारलं की बटणं दाबत लांब उत्तर लिहायचं काम आलं. त्याऐवजी हे बघा, 59 मध्ये बसतं:

```
राम राम. कांदा भाव 1, डाळिंब 2, माणसाशी बोलायचं तर 3 पाठवा.
```

मोहोळचा दुकानदार: इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा की, 160 जागा मिळतात. आणि जुन्या फोनवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात, माझ्या दुकानात रोज असे फोन येतात.

बार्शीकर: चौकोनांचं खरंय. पण 160 ची खात्री धरू नका. त्यात एक ₹ चिन्ह टाकलं की अख्खा एसएमएस 70 च्या हिशोबात जातो. Rs लिहावं लागेल.

अक्कलकोटचा पोरगा: एवढ्यापेक्षा व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढा ना. आमचा आहे, फोटोसकट भाव येतो.

होटगीची सून: अहो, या फोनांत व्हॉट्सअॅपच नाही. माझ्या सासऱ्यांचाच घ्या. काल त्यांनी 1 दाबलं आणि आमच्याकडे नुसता टिंब आला.

बार्शीकर: हे होणारच. इंग्रजी अक्षरांच्या मोडमध्ये 1 चं बटण एकदा दाबलं की टिंब उमटतो, 2 ला a, 3 ला d. आकडा हवा तर बटण दाबून धरावं लागतं. म्हणून टिंब म्हणजे 1, a म्हणजे 2, d म्हणजे 3 असंच धरा, A आणि D मोठी आली तरी. "चुकीचा पर्याय" असं उलट पाठवू नका, म्हातारा माणूस तिथंच फोन ठेवून देतो.

मोहोळचा दुकानदार: पण कुणी पहिल्याच एसएमएसला टिंब पाठवला तर? त्याला थेट भाव देणार?

बार्शीकर: नाही. आपला राम राम त्याला आधी गेलेला असेल तरच.

दुकानदाराचा भाऊ: मी तर "राम राम"च काढतो. नऊ जागा वाचतात, तिथं "मोफत" लिहा. पैसे कापतील या भीतीनं लोक 1 दाबत नाहीत.

होटगीची सून: एसएमएस पाठवायला त्यांचे पैसे कापले जातात हो, मग मोफत कसं लिहू? आणि पाठवणाऱ्याच्या जागी आमचं नाव दिसत नाही. राम राम वाचून तरी आपल्यातलं कुणी आहे हे कळतं. मी ते ठेवतेय. चौकोन दिसणाऱ्या फोनांचं मात्र अजून काही सुचलं नाही.