एकदा विचारायला हरकत नाही, पण कसं?

>> चार-पाचदा भेटलो, छान गप्पा झाल्या. आता ती मेसेज वाचते पण उत्तर देत नाही. कारण विचारलं तर मागे लागल्यासारखं होईल का?

एकदा विचारलंत तर नाही होणार. वर बहुतेकांनी 'सोडून दे' म्हटलंय, ते एक-दोन भेटींनंतर ठीक आहे. चार-पाच भेटींनंतर एक ओळ मागणं अजिबात जास्त नाही.

मात्र 'माझं काय चुकलं?' असं विचारू नका. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर समोरच्याला तुमचे दोष मोजावे लागतात, मग गप्प बसणंच सोपं वाटतं. माझ्या एका मैत्रिणीने असाच गप्प झालेल्या मुलाला शेवटच्या मेसेजनंतर आठवडाभर थांबून एवढंच लिहिलं: "तुला पुढे भेटायचं नाहीये असं वाटतंय. तसं असेल तर नुसतं 'हो' लिहिलंस तरी चालेल, मी वाद घालणार नाही. कारण सांगावंसं वाटलं तर ऐकायला आवडेल." दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: त्याची जुनी मैत्रीण परत आयुष्यात आली होती, सांगायला अवघडत होता. माझ्या मैत्रिणीने "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं लिहून विषय संपवला. (तिथे उलटतपासणी सुरू केली असती तर पुढचं काही कळलंच नसतं.)

"अगं, कामात अडकले होते, भेटू की!" असं आलं तर ती दिवस सुचवते का ते बघा. नाही सुचवला, तर ते नाहीच आहे. आणि काहीच आलं नाही तर दुसरा मेसेज टाकू नका, दुसऱ्या अ‍ॅपवरून तर नकोच.