कॉफीच्या पाकिटावरचं 'लाइट रोस्ट' मराठीत काय म्हणायचं?

पागोळी
मंडळी, एक अडलंय. मालाडच्या एका छोट्या कॉफीवाल्यांसाठी पाकिटांवरचा मजकूर मराठीत करतेय, तीन पाकिटं आहेत, लाइट, मीडियम, डार्क. मी सरळ 'हलकी भाजणी, मध्यम भाजणी, गडद भाजणी' असं करून पाठवलं. मालकाच्या आत्याने वाचलं आणि विचारलं, थालीपिठाचं पीठ पण विकायला लागलात का? शिवाय 'हलकी' वाचून त्यांना वाटलं माल हलका आहे, म्हणजे स्वस्तातला.
त्याहून वाईट म्हणजे लाइटच्या पाकिटावर मूळ इंग्रजीत 'ब्राइट अ‍ॅसिडिटी' आहे. मी 'तेजस्वी आम्लता' केलं, ते नको म्हणाले, मग 'छान अ‍ॅसिडिटी' केलं तर आत्या म्हणाल्या, 'अगं अ‍ॅसिडिटी होते म्हणून तर मी कॉफी सोडली!' शुक्रवारपर्यंत द्यायचंय. सुचवा.

गोखले_अण्णा
भाजणे हे संस्कृत भर्जनावरून आलेलं आहे. तेव्हा मंदभर्जित, मध्यभर्जित, तीव्रभर्जित. प्रश्न मिटला.

चाळीतला_बंड्या
अण्णा, 'तीव्रभर्जित' वाचून गिऱ्हाईक पाकीट परत ठेवून वैद्याकडे जाईल.

शेगडी
अण्णांचा शब्द कानाला बरा आहे पण 'मंद' चुकतंय. मी पाच वर्षं कॉफी भाजतोय, आधी घरी लोखंडी कढईत, आता एका छोट्या यंत्रावर. मंद हा आचेचा शब्द झाला. मंद आचेवर वीस मिनिटं ठेवून तुम्ही दाणे काळे कोळसे करू शकता. लाइट-डार्क म्हणजे आच किती होती ते नव्हे, दाणा कुठवर नेऊन थांबवला ते.

मृदगंध_९
सोप्पंय की, लाइट म्हणजे सौम्य आणि डार्क म्हणजे कडक. चहाला म्हणतो तसं. डार्कमध्ये कॅफिन जास्त, म्हणून ऑफिसला जाणाऱ्यांनी डार्क घ्यावी. माझा नवरा डार्क पितो आणि रात्री दोनपर्यंत जागा असतो.

शेगडी
ताई, अर्धं बरोबर. डार्क जिभेला कडक लागते हे खरं, पण तो कडवटपणा भाजण्यातून आलेला असतो, कॅफिन भाजताना जवळजवळ तेवढंच राहतं. उलट डार्क दाणे फुगतात आणि हलके होतात, म्हणून चमच्याने मोजून घेतलीत तर एका चमच्यात लाइटचंच कॅफिन थोडं जास्त भरेल. कडक की पातळ हे तुम्ही पावडर किती घालता त्यावर. लाइटचे तीन चमचे घाला, कडकच होईल, फक्त आंबट-कडक.
नवऱ्याचं जागरण कशामुळे ते मी सांगू शकत नाही.

वडाळ्याचे_काका
माझ्या पाकिटावर ६०:४० लिहिलंय. मग ती मीडियम का? माटुंग्याला समोर दळून घेतो, रंग चांगला काळाभोर येतो.

शेगडी
काका, ते वेगळं. ६०:४० म्हणजे ६० भाग कॉफी आणि ४० भाग चिकोरी, भाजण्याशी त्याचा संबंध नाही. काळाभोर रंग आणि दाटपणा बराचसा चिकोरीचा. तसंच 'पीबेरी' किंवा 'एए' लिहिलेलं असलं तर तो दाण्याचा आकार, तेही भाजणं नव्हे. पाकिटावर रोस्ट वेगळा लिहिलेला असतो, नसला तर दुकानदाराला विचारायचं.

पागोळी
शेगडी, तुम्ही एवढं जाणता तर मला चवीतला फरक नीट सांगाल का? मी तिन्ही पाकिटं चाखली पण खरं सांगते, लाइट मला बिघडल्यासारखी लागली. जे आवडलं नाही त्याला चांगला शब्द कसा सुचणार?

शेगडी
सांगतो, जरा लांबेल. मागच्या रविवारी मुद्दाम एकाच पोत्यातल्या, चिकमगळूरच्या अरेबिकाच्या, कच्च्या दाण्यांचे २५०-२५० ग्रॅमचे तीन घाणे काढले. नवव्या मिनिटाला दाणे फुटायला लागले, लाह्या फुटतात तसा टप् टप् आवाज येतो, याला आमच्यात फर्स्ट क्रॅक म्हणतात. पहिला घाणा त्यानंतर सव्वा मिनिटात बाहेर काढला. रंग दालचिनीचा, दाणा कोरडा, दाताखाली कठीण. वजन केलं तर २१८ ग्रॅम.
दुसरा साडेअकरा मिनिटांपर्यंत नेला, २११ ग्रॅम. रंग चिंचोक्याचा, तोही कोरडाच.
तिसऱ्याला थांबलो. थोड्या वेळाने परत आवाज सुरू झाला पण आता बारीक, भराभर, फोडणीत मोहरी तडतडते ना अगदी तसा. हा सेकंड क्रॅक. तेराव्या मिनिटाला काढला, २०३ ग्रॅम. खोलीत धूर, आणि दुसऱ्या दिवशी दाण्यांवर तेलाचे ठिपके.
मग तिन्ही १५ ग्रॅम पावडर, २५० मिली पाणी, बिनदुधाची, बिनसाखरेची. पहिली चहासारखी पातळ, संत्र्याची फोड चावल्यावर गालात जे होतं ते. मधलीत ती आंबट धार बोथट होते, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. तिसरीत आंबटपणा जवळपास गेला, कडू, जड, मागे धुराची चव. कॉफी कुठल्या मळ्यातली ते पहिलीत कळतं, तिसरीत मी भाजलंय एवढंच कळतं.
तुमची बिघडल्यासारखी लागली त्याची दोन कारणं असू शकतात. एक, लाइटचा दाणा घट्ट असतो, पाण्याला लवकर चव देत नाही. जाड दळली किंवा पाणी कोमट असलं तर नुसता आंबट-खारट भाग उतरतो आणि गोडवा आतच राहतो. बारीक दळा, उकळी बसल्या बसल्या ओता. तरी कच्च्या शेंगदाण्यासारखी, गवतासारखी लागली तर मग भाजणाऱ्याने घाई केली, आतून कच्ची राहिली. ती लाइट नव्हे, कच्चीच.

पागोळी
अय्या, मी मशीनमधलं गरम पाणी घेतलं होतं, ऑफिसातलं. ते कोमटच असतं. परत करून बघते.

विदुला_गिरगाव
मग 'कोवळी, तांबूस, खरपूस' का नाही? कोवळी म्हणजे लाइट. आमच्याकडे कांदा परतताना आई अशाच पायऱ्या सांगायची, गुलाबी कर, तांबूस कर, खरपूस कर.

चाळीतला_बंड्या
खरपूसला माझा आक्षेप आहे. खरपूस म्हणजे मस्त भाजलेलं, कडेने कुरकुरीत, म्हणजे मीडियमच झालं ना. डार्क म्हणजे त्याच्या पुढचं, करपण्याच्या एक स्टेशन आधी.

विदुला_गिरगाव
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे खरपूस म्हणजे चांगलं काळपट, भाकरीला डाग पडतात तसं. आमचे आजोबा तर म्हणायचे खर म्हणजे खरखरीत, त्यावरूनच खरपूस.

गोखले_अण्णा
आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो, अशी आवाजावरून लावलेली व्युत्पत्ती धरायची तर खर म्हणजे गाढवही होतं. आणि 'कोवळी' भाजलेल्या वस्तूला कशी लागेल? कोवळं म्हणजे जून न झालेलं. कोवळी कॉफी म्हणजे झाडावरचं हिरवं फळ.

विदुला_गिरगाव
कोवळं ऊन म्हणतो की अण्णा. ते काय झाडावर लागतं?

शेगडी
कोवळी मला आवडला. पण शब्द कुठलाही घ्या, मूळ गोची वेगळीच आहे. लाइट-मीडियम-डार्कची हद्द कुणी ठरवून दिलेली नाही. रंग मोजायचं अ‍ॅगट्रॉन नावाचं यंत्र असतं, आकडा जास्त तितका दाणा फिका, पण पाकिटावर तो आकडा कोण छापतो? एकाची मीडियम दुसऱ्याच्या डार्कइतकी काळी असते. म्हणून मी पारदर्शक खिडकीचं पाकीट असलं तर दाणेच बघतो. कोरडा तपकिरी म्हणजे लाइट नाहीतर मीडियम, तेलकट चकचकीत म्हणजे डार्क. आणि डार्क आहे पण तेल अगदी थबथबलंय, भाजल्याची तारीखही दोन-तीन महिन्यांपूर्वीची, तर सोडून द्या. डार्कचा दाणा सच्छिद्र झालेला असतो, तेल वर आलेलं, लवकर खवट होतो.

मृदगंध_९
दुधात कुठली? आमच्याकडे बिनदुधाची कोणी पीत नाही.

शेगडी
दुधात डार्क किंवा मीडियमच्या जरा पुढची. लाइट दुधात हरवते, वर ती आंबट चव दुधाशी भांडते.

रत्नांग्रीचा_पाव्हणा
उशिरा आलो. आमची पणजी कॉफीला 'बुंद' म्हणायची, 'बुंद भाजलंन' असं. अरबीत दाण्याला बुन्न म्हणतात त्यावरून असणार, बंदरातून आलेला शब्द. बुंदच छापा, कोवळा बुंद, खरपूस बुंद.

चाळीतला_बंड्या
बुंदीचे लाडू समजतील. आत्याला थालीपीठ दिसलं, आता लाडू दिसतील.

गोखले_अण्णा
बुंद असा जुना शब्द होता खरा. पण मग 'भाजलंन' हेही छापावं लागेल.

पागोळी
आत्ता मालकांचा फोन आला. त्यांना 'लाइट रोस्ट, मीडियम रोस्ट, डार्क रोस्ट' असंच हवंय, फक्त देवनागरीत. म्हणे गिऱ्हाईक दुकानात तेच मागतं. खाली एक ओळ माझी, ती मी अशी केलीय:
लाइट: चहासारखी पातळ, संत्र्याच्या सालीसारखी आंबटगोड. दूध न घालता प्या.
मीडियम: शेंगदाणे आणि गुळाची आठवण.
डार्क: कडवट, दाट, धुरकट. दुधात उत्तम.
अ‍ॅसिडिटी काढून टाकली. आणि हो, पाणी उकळून परत केली, बारीक दळून. संत्र्याचं कळलं. गार होत गेली तसं जास्त कळलं, शेवटचा घोट सगळ्यात छान.

गोखले_अण्णा
म्हणजे एवढ्या चर्चेनंतर इंग्रजीच. भाषा अशीच मरते.

विदुला_गिरगाव
अण्णा, कॉफी तरी कुठे मराठी आहे? आणि सालीसारखी नको गं, साल कडू असते. फोडीसारखी कर.

शेगडी
विदुला बरोबर. साल म्हटलं की कडवटपणा येतो, फोडच लिहा.

पागोळी
केलं. फोड.

मृदगंध_९
कोणी मूळ भाजणीचं प्रमाण देईल का? थालीपिठाचं वाचून तेव्हापासून तेच डोक्यात आहे. धने किती घ्यायचे?

विदुला_गिरगाव
चार वाट्या धान्य-डाळींना अर्धी वाटी. वेगळे भाजायचे, आणि खरपूस.

चाळीतला_बंड्या
म्हणजे मीडियम.

वडाळ्याचे_काका
ते सगळं ठीक, पण ६०:४० मधली ६० ची कॉफी लाइट की डार्क ते पाकिटावर कुठे लिहितात?