मदत हवी आहे: टाइप वन की टाइप टू? डेंग्यूच्या उदाहरणात अडले

द्राक्षवेल (तासगाव): बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेत प्रश्न होता: डेंग्यू नसलेल्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, ही कोणती चूक? मी टाइप टू लिहिलं, गुण गेले. मी शून्य परिकल्पना 'रुग्णाला डेंग्यू आहे' अशी धरली होती. ती खोटी असूनही नाकारली गेली नाही, म्हणून टाइप टू. यात चुकलं कुठे?

कृष्णाकाठ: सोपं आहे. टाइप वन म्हणजे खोटा पॉझिटिव्ह. त्याची शक्यता, म्हणजे अल्फा, 5 टक्के असेल तर शंभर पॉझिटिव्ह रिपोर्टांमधले पाच खोटे.

जुना_मास्तर (सांगली): कृष्णाकाठ, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. अल्फा मोजायचा तो डेंग्यू नसलेल्यांमध्ये. समजा 1000 जणांची चाचणी केली आणि त्यातल्या 20 जणांनाच डेंग्यू आहे. उरलेल्या 980 चे 5 टक्के म्हणजे 49 खोटे पॉझिटिव्ह. वीसपैकी 18 जण बरोबर सापडले, तर एकूण पॉझिटिव्ह 67, आणि त्यातले 49 खोटे. साथ भरात असली की हेच चित्र पालटतं, अल्फा मात्र तोच राहतो.

द्राक्षवेल बाळ, तुझा तर्क पक्का आहे, मांडणी उलटी झाली. 'डेंग्यू नाही' धरलं की डेंग्यू नसलेल्यांचे नमुने तपासून अल्फा ठरवता येतो. 'डेंग्यू आहे' धरलंस तर कितव्या दिवसाचा डेंग्यू, हा प्रश्न लगेच उभा राहतो. रक्तातलं एनएस-वन, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, रोज सारखं नसतं.

मिरजेची_आई: मध्येच विचारते, माफ करा. माझ्या मुलाचा एनएस-वन तापाच्या सातव्या दिवशी निगेटिव्ह आला. आम्ही निर्धास्त झालो. दोन दिवसांनी आयजीएम पॉझिटिव्ह. किटच खराब होतं का?

जुना_मास्तर (सांगली): ताई, किट चांगलं असूनही असं होतं. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन सहसा सापडतं, पुढे कमी होत जातं. म्हणून पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, बघतात. डेंग्यू असून 'नाही' म्हटलं गेलं, ही टाइप टू. तिची शक्यता, म्हणजे बीटा, एकच एक आकडा नसतो, नमुना कधी घेतला त्यावर तो बदलतो. बाळ आता कसा आहे?

मिरजेची_आई: बरा आहे. प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या होत्या, त्या रात्री झोप नव्हती.

कृष्णाकाठ: मग पट्टीवरची फिकट रेघही पॉझिटिव्हच धरायची. टाइप टू कमी होईल.

जुना_मास्तर (सांगली): होईल, पण टाइप वन वाढेल. त्याच नमुन्यांवर, त्याच किटने दोन्ही एकदम कमी होत नाहीत. आणि सातव्या दिवशी एनएस-वनच उरलं नसेल, तर फिकट रेघही दिसायची नाही.

द्राक्षवेल (तासगाव): कळलं सर. पण रक्तपेढीत पिशवी 'दूषित आहे' असं धरूनच सुरुवात करावी ना? तिथे माझीच मांडणी बरोबर ठरेल.

जुना_मास्तर (सांगली): तिथे तुझ्या बाजूने बोलता येईल. पण उत्तरपत्रिकेत शून्य परिकल्पना लिहून दाखवली होतीस, की मनातच धरली होतीस?

द्राक्षवेल (तासगाव): मनातच.