मदत हवी आहे: वसतिगृहासाठी हीट पंप घेण्याचा प्रस्ताव वित्त समितीपुढे कसा मांडावा?

वसतिगृह_कोथरूड: आमच्या शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहात २०० विद्यार्थी राहतात आणि गच्चीवरच्या टाकीतील विजेच्या कॉइलवर त्यांच्या अंघोळीचे पाणी तापते. त्याऐवजी हीट पंप बसवावा, असा प्रस्ताव मी वित्त समितीपुढे ठेवला होता. विक्रेत्याने पंपाची किंमत ९ लाख रुपये सांगितली असून वर्षभरातच ती वसूल होईल, असे लिहून दिले आहे. त्याने रोज १०,००० लिटर पाणी, वर्षाचे ३६५ दिवस, ११.५० रुपयांची युनिट आणि ७५ टक्के बचत असा हिशेब धरला आहे. आमच्या कोषाध्यक्षांनी तो कागद वाचला आणि "एवढे सोपे असते तर हे शहरभर दिसले असते" असे म्हणून परत केला. हिशेबात नेमके कोठे चुकले?

गच्चीवरचा_सूर्य: मुळात हीट पंप कशासाठी? सौर बंब बसवा. ऊन फुकट मिळते, त्यामुळे चालवण्याचा खर्च शून्य येतो.

यंत्रशाळा: सौर बंबाचा मुद्दा निम्मा बरोबर आहे, परंतु पावसाळ्यात पुण्यात ढग हटत नाहीत आणि तेव्हा कॉइल लावावीच लागते, म्हणून खर्च शून्य धरता येत नाही. गच्चीवर जागा असेल तर त्याचेही दरपत्रक जरूर मागवावे.

आता मूळ प्रश्न. १०,००० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला अडीच लाख किलोकॅलरी लागतात आणि त्याला ८६० ने भागले की सुमारे २९० युनिट होतात. विक्रेत्याचा हा आकडा खोटा नाही, पण तो जानेवारीच्या एका दिवसाचा आहे. सुट्टीत वसतिगृह रिकामे असते, एप्रिलमध्ये नळाचेच पाणी कोमट येते, तरीही त्याने तोच दिवस ३६५ वेळा मोजला आहे. दुसरी चूक अधिक महागात पडणारी आहे. ११.५० हा दर बहुधा बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा काढलेला असावा. त्या रकमेत स्थिर आकार असतो आणि युनिट कमी झाले म्हणून तो आपोआप उतरत नाही. बचतीला फक्त युनिटमागे बदलणारा दर लावावा. कॉइलच्या पॅनेलवर वेगळे मीटर आहे का?

वसतिगृह_कोथरूड: आहे. जानेवारीत रोज ३०० च्या आसपास आणि संपूर्ण वर्षात ५८,००० युनिट जळले. बिलातून स्थिर आकार वगळला तर दर ९ रुपये येतो. बोअरच्या जड पाण्यामुळे कॉइल जळतात, त्यांवर वर्षाला ४०,००० रुपये जातात.

सोसायटी_सचिव_बाणेर: आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलताना याच वादात आठ महिने गेले. कर्ज काढणार असाल तर व्याजही धरा.

वसतिगृह_कोथरूड: कर्ज नाही, संस्थेच्या राखीव निधीतून घेणार आहोत.

यंत्रशाळा: मग त्या ठेवींवर बुडणाऱ्या व्याजाची एक ओळ टिपणात असू द्या, कोषाध्यक्ष ती विचारतीलच.

हीट पंप एका युनिट विजेत चार युनिटांची उष्णता देतो, हा आकडा उबदार हवेत मोजलेला असतो. वर्षभराची सरासरी २.९ धरू, म्हणजे ५८,००० ऐवजी २०,००० युनिट लागतील. वाचलेल्या ३८,००० युनिटांचे ३.४२ लाख होतात. त्यात कॉइलचे ४०,००० मिळवा आणि देखभाल व क्षार काढण्याचे ३०,००० वजा करा, हाती ३.५२ लाख उरतात. किंमतही ९ लाख नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि शिक्षणसंस्थेला सहसा त्याची वजावट मिळत नाही. चौथरा, केबल आणि नळकामाचे सव्वा लाख गृहीत धरले तर सुमारे ११.९ लाख होतात. परतफेड साधारण तीन वर्षे पाच महिन्यांची.

समितीपुढे वाईट बाजूही ठेवावी. सरासरी २.४ पर्यंत घसरली तरी परतफेड पावणेचार वर्षांत होते. माझ्या अनुभवात याच ओळीमुळे प्रस्ताव मंजूर होतात, कारण आपण काही लपवलेले नाही हे तेथे दिसते.

वसतिगृह_कोथरूड: मंजूर भार कमी करून घेतला तर स्थिर आकारही वाचेल ना?

यंत्रशाळा: वाचेल, पण जुन्या कॉइल आधारासाठी ठेवणार असाल तर भार कमी करू नका आणि ती बचत कागदावरही आणू नका. उलट त्या कॉइलना कुलूपबंद स्विच आणि वेगळे मीटर लावा. पंप पुरेसा पडला नाही की कोणीतरी गुपचूप कॉइल चालू करतो, पाणी गरमच येते, त्यामुळे तक्रार होत नाही आणि बचत कोठे गेली ते बिल आल्यावरच कळते.

कॉइलवाला_मिस्त्री: जड पाण्यात पंपाचा हीट एक्स्चेंजरही चोंदतो. आमच्याकडे एका हॉटेलात सहा महिन्यांत पाणी तापायला दुप्पट वेळ लागू लागला होता. ३०,००० मध्ये सॉफ्टनर बसणार नाही.

यंत्रशाळा: हे मान्य. सॉफ्टनर आधीपासून नसेल तर त्याची किंमत ११.९ लाखांत मिळवावी लागेल आणि कालावधी तेवढा लांबेल.

वसतिगृह_कोथरूड: सॉफ्टनर नाही. दरपत्रक मागवतो. आणखी एक शंका राहते. पंप रात्रभर चालवला तर पहाटे सहाला टाकी भरलेली मिळते, पण जानेवारीच्या रात्री हवा सर्वांत थंड असते. दुपारी चालवावा तर टाकीचे आवरण जुने झाले आहे. त्याचा २.९ वर किती परिणाम होईल, हे कोणी मोजून पाहिले आहे का?

सोसायटी_सचिव_बाणेर: आम्हालाही हेच हवे आहे, धाग्यावर लक्ष ठेवतो.