मदत हवी आहे : चिठ्ठीवर ‘परत फोन करा’, पण नाव-नंबर कोरा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. काल मी लूमवर असताना रिसेप्शनच्या ताईंनी टेबलावर चिठ्ठी ठेवली. वेळ ३.४०, ‘परत फोन करा’वर टिक, खाली ‘अर्जंट, माल अडकलाय’. नाव आणि नंबर, दोन्ही रेघा कोऱ्या. ताईंना एवढंच आठवतं की कोणी बाई हिंदीत बोलत होत्या. तेवढ्यात दुसरी लाइन वाजली आणि लिहायचं राहिलं. एकट्या माणसाने दोन लाइन सांभाळायच्या म्हटल्यावर हे होणारच, त्यांना बोल लावायचा नाही.

पॅडच्या पुढच्या पानावर शिसपेन्सिल आडवी, हलकी फिरवून पाहिली. लिहिलेलं दाबाने उमटतं कधीकधी. पण तिथेही तेच शब्द, म्हणजे नंबर लिहिलाच गेला नाही. टेलिफोनच्या बिलात आलेले कॉल नसतात. ज्यांचा माल वाटेत आहे त्या पार्ट्यांना आणि ट्रान्सपोर्टला विचारलं, सगळे नाही म्हणतात.

आता आशा ऑफिसचे फोन लाइनला जोडणाऱ्या ईपीएबीएक्स बॉक्सवर. त्यात कॉलची वेळ, लाइन, एक्स्टेंशन यांची नोंद राहते. लाइनवर कॉलर आयडी चालू असेल तर नंबरही मिळतो म्हणे. आमच्या रिसेप्शनच्या फोनला डिस्प्लेच नाही. तरी बॉक्समध्ये नंबर साठला असेल का? मेमरी भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून घाई आहे. सोलापुरात ही नोंद लॅपटॉपवर काढून देणारा कोणी माहितीचा असेल तर कृपया आजच सांगा. कोणाचा तरी माल खरंच अडकलाय.